पुलावर गार, सिग्नलला गरम

मनीषनगरातून वर्धा रोडवर यायचं आणि डबल-डेकर पुलावरून अजनीच्या दिशेने निघायचं. मे महिन्याची दुपार असली तरी पुलावर गाडीचा एसी छान गार लागतो. तीच गाडी पुलाखालच्या रस्त्याने नेली आणि छत्रपती चौकाच्या सिग्नलला उभी राहिली, की मिनिट-दोन मिनिटांत जाळीतून येणारी हवा कोमट होते. सिग्नल सुटतो, गाडी वेग घेते आणि हवा पुन्हा गार होते. पुढच्या चौकात तेच.

नागपुरात उन्हाळ्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं : ‘गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.’ गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा सिग्नलला घाम. काही गाड्यांत तर गॅस भरल्यावर दुखणं वाढतं. याचं कारण असं, की पुलावर गार आणि सिग्नलला गरम या लक्षणात संशयाची पहिली जागा गॅस नसून गाडीच्या नाकासमोरची जाळी आणि तिच्यामागचा पंखा असते. ती जागा गॅरेजला जाण्याआधी घरच्या अंगणात तपासता येते.

एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना केबिनमधल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर तोच गॅस दाबून पुढे ढकलतो. दाबामुळे तो चांगलाच तापतो आणि बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये येतो. तिथे बाहेरची हवा त्याच्यावरून वाहते, उष्णता घेऊन जाते, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि तो द्रव कूलिंग कॉइलकडे परततो.

खरी अडचण कंडेन्सरपाशी आहे. उष्णता गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडेच जाते. म्हणजे बाहेरची हवा ४५ अंश असेल तर कंडेन्सरमधला गॅस तिच्याहून बराच गरम असला पाहिजे, साधारण ६५ अंशांच्या घरात, तरच तो आपली उष्णता तिला देऊ शकेल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत भरलेला आर-१३४ए हा गॅस ६५ अंशांना द्रव होण्यासाठी सुमारे २६० पीएसआय दाब लागतो. एवढा दाब नागपूरच्या मेमध्ये चांगल्या चालत्या गाडीतही असतो. कंडेन्सरवरून हवा पुरेशी वाहिली नाही तर गॅस आणखी तापतो, दाब तीनशेच्या वर जातो, चारशेकडे सरकतो. कॉम्प्रेसरला एवढ्या दाबाविरुद्ध ढकलताना दम लागतो आणि कूलिंग कॉइलचा गारवा ओसरतो. शेवटी पाइपात बसवलेला प्रेशर स्विच किंवा सेन्सर सुरक्षेसाठी कॉम्प्रेसरच बंद करायला लावतो. चालकाला कळतं ते एवढंच, की हवा गरम झाली. थोड्या वेळाने दाब उतरतो, कॉम्प्रेसर पुन्हा लागतो, हवा पुन्हा गार होते.

पुलावर गाडी ताशी पन्नास-साठच्या वेगाने जाते तेव्हा समोरचा वाराच कंडेन्सरमधून घुसतो. पंखा बंद पडलेला असला तरी काही बिघडल्याचं जाणवत नाही. सिग्नलला वारा थांबतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. म्हणून दोष उघडा पडतो तो तिथे.

नागपूरचं तापमान या दोषाला आणखी उघडं पाडतं. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. असे अधिकृत आकडे सावलीतल्या, पट्ट्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचे असतात. गाडीची जाळी त्याहून खाली, तापलेल्या रस्त्यापासून फूट-दीड फुटावर असते आणि सिग्नलला तिच्या समोर दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर असतो. कंडेन्सरला मिळणारी हवा त्यामुळे बातम्यांतल्या आकड्याहून कितीतरी गरम असते. जानेवारीत किंवा पावसाळ्यात हीच गाडी, हाच अर्धमेला पंखा घेऊन, सिग्नललाही बऱ्यापैकी गार हवा देते. नवतप्यात ती हात टेकते.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्यावर पहिली पाच-सात मिनिटं हवा गरम येणं हा बिघाड नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टर-संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढल्याचं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचं दिसलं. काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. त्या हिशेबाने ४४ अंशांच्या दुपारी बंद गाडीच्या आत साठीच्या वरचं तापमान असू शकतं, आणि सीट, डॅशबोर्ड, छत सगळं तेवढं तापलेलं असतं. अशा वेळी काचा पूर्ण उघडून मिनिटभर गाडी चालवावी, आतली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवण्याचं बटण, म्हणजे गाडीच्या आत वळलेल्या बाणाचं चित्र असलेलं, दाबावं. ते बटण बंद राहिलं तर एसी दर क्षणी बाहेरची ४५ अंशांची हवा गार करत बसतो. कितीतरी ‘बिघडलेले’ एसी या एका बटणाने दुरुस्त होतात, म्हणून तपासणीची सुरुवात तिथून आणि तापमानाच्या खटक्यापासून करावी. खटका पूर्ण निळ्या टोकाला आहे ना, हे बघायला काहीच लागत नाही.

त्यानंतर एक साधा प्रश्न : हवा जोरात येते आणि गरम आहे, की हवाच कमी येते? ब्लोअर पूर्ण वेगावर असूनही झोत मंद असेल तर दोष केबिन फिल्टरचा असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने काढता येतो. काम सुरू असलेल्या रस्त्यांची धूळ खाऊन तो गोधडीसारखा झालेला निघतो. सुरुवातीला झोत जोरदार आणि गार, मग अर्ध्या-पाऊण तासाने झोतच बसला, आणि एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा पूर्ववत झाला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. बर्फाला ओलावा लागतो, त्यामुळे हा प्रकार मेपेक्षा जुलैत अधिक. झोत चांगला असून हवा गरम असेल, तरच बोनेट उघडायचं.

आता समजा, मनीषनगरातल्या एका घरची आठ-दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. लक्षण वर सांगितलेलंच : पुलावर गार, चौकात गरम. तपासणी संध्याकाळी, मोकळ्या जागेत करायची, कारण इंजिन चालू ठेवावं लागणार आहे आणि बंद पार्किंगमध्ये त्याचा धूर जीवघेणा ठरतो. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बोनेटपासून लांब. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, काही गाड्यांत तर किल्ली काढल्यावरही, हे पूर्ण वेळ लक्षात ठेवायचं.

इंजिन चालू करून एसी लावला की कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाकडे बघावं. पट्ट्यावरची पुली तर सतत फिरत असते, पण तिच्या मध्यभागी असलेली क्लचची थाळी एसी लावल्यावर ‘टक्’ असा आवाज करून पुलीसोबत फिरू लागते. ती फिरलीच नाही तर कॉम्प्रेसर लागतच नाहीये आणि मग हवा पुलावरही गार येणार नाही. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. तिथे ही खूण उपयोगाची नाही.) आपल्या उदाहरणातल्या गाडीत थाळी फिरते. म्हणजे कॉम्प्रेसरपर्यंत वीज पोचते आहे.

पुढची नजर पंख्यावर. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर काही सेकंदांतच पंखा सुरू व्हायला हवा. पंखा नुसता फिरतो एवढ्याने भागत नाही, तो हवा ओढतो का हे बघायचं. त्यासाठी वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीवर धरावं आणि सोडावं. पंखा निरोगी आणि कंडेन्सर मोकळा असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. तो गळून पडला तर पंखा मंद आहे, किंवा वाट बुजली आहे. कागद उलट पुढे ढकलला गेला तर आधीच्या दुरुस्तीत मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्यात.

आपल्या गाडीत कागद पडतो, पण पंखा फिरताना दिसतो. मग इंजिन बंद, किल्ली काढलेली, सगळं गार झालेलं, अशा अवस्थेत कंडेन्सरकडे टॉर्च मारून बघायचं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये काटेसावरीच्या शेंगा फुटून तिचा कापूस हवेत उडतो. तो, त्यावर बसलेली धूळ, पावसाळ्यानंतरचे किडे आणि प्लास्टिकच्या पिशवीचा एखादा तुकडा कंडेन्सरच्या बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या कंडेन्सरवर समाधान मानू नये. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या फटीत सगळ्यात जास्त घाण बसते आणि तिथे सहसा कोणी बघत नाही.

शक्यता पंख्याचीही आहे. पुष्कळ गाड्यांत एकच पंखा दोन वेगांवर चालतो आणि मंद वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळाला तर एसी लावल्यावर पंखा गप्प राहतो आणि इंजिन बरंच तापल्यावरच एकदम भन्नाट वेगात सुटतो. हा नमुना कानाने ओळखता येतो. पंखा अजिबातच लागत नसेल तर बोनेटखालच्या फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा नकाशा बघून पंख्याचा फ्यूज तपासावा. शेजारी हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तोच क्रमांक छापलेला रिले असेल तर इंजिन बंद ठेवून दोघांची अदलाबदल करून बघता येते. पंखा लागला तर दोष रिलेचा, आणि तो स्वस्तात मिळतो.

या सगळ्यावर एक चाचणी अशी आहे, जी संशय जवळजवळ मिटवते. गाडी जागेवर चालू, एसी पूर्ण, आतली हवा फिरवण्याचं बटण लावलेलं, आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत एक साधा काटेरी डिजिटल तापमापक खोचलेला. आकडा स्थिर होऊ द्यावा. समजा तो २१ अंशांवर अडकला. आता बाटलीने किंवा झाडांना पाणी घालायच्या झारीने कंडेन्सरच्या दर्शनी भागावर हळूहळू पाणी शिंपडावं. इंजिनावर, तारांवर नाही, फक्त समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर. पाणी उडून जाताना कंडेन्सरची उष्णता ओढून घेतं. डेझर्ट कूलर नागपुरात चालतो तो याच तत्त्वावर, आणि मेच्या कोरड्या हवेत ही ओढ जबरदस्त असते. दोन-तीन मिनिटांत आकडा १३-१४ पर्यंत उतरला, तर आतला गॅस, कॉम्प्रेसर, कॉइल आपापलं काम नीट करत आहेत. कमी आहे ती बाहेरची हवा. आकडा हललाच नाही तर मात्र दोष दुसरीकडे आहे.

तिची जोडीदार म्हणजे रेसची चाचणी. गाडी उभीच, कुणाला तरी पेडल दाबून इंजिनाचे फेरे १५०० ते २००० वर धरायला सांगावं. थोडा कमी झालेला गॅस किंवा झिजलेला कॉम्प्रेसर यांचंही लक्षण ‘उभ्या गाडीत गरम’ असंच असतं, पण अशा गाडीत फेरे वाढवल्यावर हवा गार होऊ लागते, कारण पंप जास्त फिरतो. कंडेन्सरची हवा अडलेली असेल तर फेरे वाढवून फायदा होत नाही, उलट हवा आणखी तापते. पाण्याने गार आणि रेसने गरम, असं उत्तर मिळालं तर गॅस भरायचा विचार बाजूला ठेवावा.

आपल्या गाडीत तसंच उत्तर येतं. मग धुणं आलं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, नळाच्या साध्या दाबाने, पाइपचं तोंड दोन-तीन फुटांवर धरून. हात पोचत असेल तर आतून बाहेरच्या दिशेने, म्हणजे घाण जिथून आत गेली तिथूनच बाहेर येईल. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर पाती आडवी पडतात आणि मोकळी करायला गेलेली वाट कायमची बुजते. मऊ ब्रश पात्यांच्या उभ्या दिशेनेच फिरवावा. फटीतली घाण बाहेरून निघत नसेल तर ते काम गॅरेजचं : रेडिएटर किंवा कंडेन्सर सैल करून, पाइप न उघडता, मधला थर काढावा लागतो. तसंच गाडीचा बंपर कधी बदलला असेल तर कंडेन्सरच्या कडेच्या फोमच्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघावं. त्या नसतील तर उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा कडेने वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत राहतो. अपघाताच्या दुरुस्तीनंतर एसी सिग्नलला कमी पडू लागला असेल तर हे कारण आधी तपासण्याजोगं आहे.

गाडीखाली पाणी टपकत नाही, म्हणजे एसी गेला, अशीही एक समजूत आहे. टपकणारं पाणी म्हणजे हवेतला ओलावा कूलिंग कॉइलवर साचून निथळलेला. नवतप्याच्या कोरड्या हवेत तो मुळातच थोडा असतो. तेव्हा मेमध्ये जमीन कोरडी दिसणं हा दोषाचा पुरावा नाही. ऑगस्टमध्ये तासभर एसी चालवून खाली थेंब नसेल तर मात्र नळी तुंबली आहे का, पाणी आत पायाशी झिरपतंय का, हे बघायला हवं.

आता गॅसचं. तो पेट्रोलसारखा जळत नाही, इंजिन ऑइलसारखा दर वर्षी बदलावाही लागत नाही. यंत्रणा बंदिस्त असते. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडेफार ग्रॅम निसटतात, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे पाइपांच्या जोडांवर, कंडेन्सरच्या कोपऱ्यांत किंवा कॉम्प्रेसरच्या पोटाशी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर ती जागा मेकॅनिकला बोट ठेवून दाखवावी.

हॅचबॅकमध्ये एकूण गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच असतो. नेमका आकडा बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एवढ्याशा मापात शंभर ग्रॅम जास्त पडले तर कंडेन्सरचा बराचसा भाग द्रवानेच भरून जातो, गॅसला द्रव व्हायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. म्हणजे अडलेल्या कंडेन्सरमुळे जे होत होतं तेच, आणखी जोराने. गॅस भरल्यावर सिग्नलचं दुखणं वाढतं ते यामुळे. ‘थोडा टाकून बघू’ हा उपाय नागपूरच्या मेमध्ये विशेष महागात पडतो.

बंद गाडीला गेज लावून ‘दाब आहे, म्हणजे गॅस आहे’ असं सांगितलं जातं, त्यावरही विसंबू नये. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो : ४५ अंशांना तो दोन्ही बाजूंना दीडशे पीएसआयच्या आसपास दिसेल, मग आत दोनशे ग्रॅम असोत की साडेचारशे. खरी माहिती एसी चालू असताना मिळते. तेव्हा दोन्ही काटे एकत्र वाचायचे असतात. जास्त दाबाच्या बाजूचा काटा तीनशेच्या बराच वर आणि कमी दाबाचाही नेहमीपेक्षा वर, तर कंडेन्सरची हवा अडली आहे किंवा गॅस जास्त झाला आहे. दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. एसी चालू असूनही दोन्ही दीडशेच्या जवळपास जागेवरच, तर कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाहीये.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘एसी चालत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा पाहिलेलं सांगावं : पुलावर गार, सिग्नलला गरम, कागद जाळीवर टिकत नाही, पाणी मारल्यावर आकडा सात-आठ अंशांनी उतरतो. मेकॅनिक मग थेट पंख्याच्या मोटारीकडे किंवा कंडेन्सरच्या फटीकडे वळू शकतो. आणि पाइप उघडावाच लागला, तर आधी उरलेला गॅस यंत्राने काढून घेतला जावा, व्हॅक्यूम लावल्यावर पंप बंद करून अर्धा तास काटा जागचा हलत नाही हे बघावं, आणि मगच स्टिकरवरच्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून आत जावा. त्या अर्ध्या तासात काटा सरकला, तर गळती अजून तशीच आहे आणि नवा गॅस भरण्यात अर्थ नाही.